पान मिटलं की प्रकल्प सुरू होतो

प्रश्न: मुलगी दहावीत आहे. ओझोनच्या थरावर प्रकल्प करायचा आहे. नेटवर वाचते आणि दोनचार शब्द बदलून तेच उतरवते. स्वतःच्या शब्दांत लिही म्हटलं की अडते. तिला नेमकी मदत कशी करू?

शब्द बदलणं हेच मुळात चुकीचं काम आहे, आणि आपणच ते मुलांना सांगत असतो. पान समोर उघडं असलं की वाक्याचा सांगाडा डोळ्यांपुढून हलत नाही. मग ‘ऱ्हास’च्या जागी ‘नाश’ येतो, बाकी सगळं जिथल्या तिथे. माझ्या भाचीचं असंच चाललं होतं, आणि योगायोग असा की विषयही हाच होता.

तिच्या वहीत हे वाक्य होतं: ‘सीएफसी संयुगांचे अतिनील किरणांमुळे विघटन होऊन मुक्त झालेला क्लोरीनचा अणू ओझोनच्या रेणूंचा नाश घडवून आणतो.’ मी विचारलं, सीएफसी म्हणजे काय, तो असतो कुठे? उत्तर नाही. तिला भाषा येत नव्हती असं नाही. मजकूर कळलाच नव्हता, आणि न कळलेलं स्वतःच्या शब्दांत सांगणार कसं?

म्हणून आम्ही वाचायच्या आधी कागदावर तीन प्रश्न लिहिले, तिला खरोखर पडलेले. सीएफसी जमिनीवरून इतक्या वर पोचतो कसा? थोडासा क्लोरीन एवढा ओझोन कसा संपवतो? आणि छिद्र अंटार्क्टिकावरच का? मग एका वेळी एकच प्रश्न घेऊन वाचायचं, समजलं की पान बंद करायचं आणि आठवेल ते टिपायचं. टिपण पूर्ण वाक्यात करायचं नाही, हा नियम मात्र कडक ठेवा. वाक्य लिहायची मुभा दिली की मूळ वाक्यच पाठ होऊन कागदावर येतं. तिचं टिपण असं झालं: ‘सीएफसी – जुने फ्रिज, स्प्रे. खाली काही होत नाही, टिकतो. वर अतिनील किरण – क्लोरीन सुटा. क्लोरीन संपत नाही.’

पुढचं काम तुमचं. तिला टिपण बघून तुम्हाला सांगू द्या आणि मध्येमध्ये ‘म्हणजे काय?’ विचारा. सांगून झालं की लगेच लिहायला बसवा. भाचीनं लिहिलं: ‘सीएफसी खालच्या हवेत सहजासहजी कशाशी क्रिया करत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो आणि हळूहळू वर जातो. तिथे अतिनील किरण त्याला तोडतात आणि क्लोरीन सुटतो. तो ओझोन मोडतो पण स्वतः संपत नाही, म्हणून पुढचा ओझोन मोडायला मोकळाच राहतो.’ भाषा साधी आहे, पण हे तिचं आहे. ‘मोकळाच राहतो’ कुठल्याही पानावर नव्हतं.

अंटार्क्टिकाच्या प्रश्नासाठी मुद्दाम दोन वेगळी पानं वाचायला लावली. एका पानावर तिथल्या हिवाळ्यात फार उंचीवर होणाऱ्या बर्फाळ ढगांची माहिती होती. त्यांच्या कणांवर क्लोरीन क्रियाशील रूपात येतो. दुसऱ्यावर होतं की सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य परततो तेव्हा ओझोन झपाट्यानं घटतो. आधी ढग, मग ऊन हा क्रम तिला स्वतः लावावा लागला. दोन पानं जोडायची म्हटलं की एकाचा सांगाडा आपोआप मोडतो.

इंग्रजी पान वाचून मराठीत लिहिलं तर? वाक्यामागून वाक्य भाषांतर केलं असेल तर तीही नक्कलच, फक्त पकडायला अवघड. तिथेही पान बंद करूनच लिहायचं.

सगळंच बदलायचं नसतं, हेही तिला सांगा. ‘अतिनील किरण’, ‘माँट्रियल करार’, 1987 हे जसंच्या तसंच राहणार. एखादी व्याख्या शब्दशः हवी असेल तर अवतरणचिन्हात घालून कुठून घेतली ते लिहायचं. (‘अतिनील’ला ‘जांभळ्यापलीकडचे’ असा पर्याय शोधण्यात आमची पंधरा मिनिटं गेली. हसू नका.)

शेवटी मूळ पान उघडून ताडून बघा. सलग सहासात शब्द जुळले, तर ते वाक्य खोडून टिपणावरून पुन्हा लिहायचं. नकलेच्या काही खुणा लगेच दिसतात: आकृती नसताना ‘खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’, वाक्याच्या शेवटी चौकटी कंसातला आकडा, किंवा तिच्या तोंडी कधीच न आलेलं ‘तद्वतच’. असं काही सापडलं तर रागावू नका, त्या वाक्याचा अर्थ विचारा. सांगता आला तर ते सांगणंच लिहून घ्या. नाही आला तर तो परिच्छेद प्रकल्पात सध्या नको.

एक गोष्ट मी उशिरा शिकलो: प्रत्येक टिपणाखाली पानाचं नाव, दुवा आणि बघितल्याची तारीख तेव्हाच लिहून ठेवायची. आम्ही संदर्भसूची शेवटच्या रात्रीवर ढकलली, आणि ढगांवरचं ते पान काही केल्या पुन्हा सापडेना.