‘रेषेवर’, ‘कमरेवर’ आणि ‘फ्री हिटवर’

प्रश्न : आमच्या टेप बॉल स्पर्धेच्या नियमपत्रकात तीन ओळी आहेत. ‘पाय रेषेवर पडल्यास नो बॉल.’ ‘फुलटॉस कमरेवर आल्यास नो बॉल.’ ‘फ्री हिटवर आऊट नाही.’ तिन्हींवरून भांडणं झाली. इथे ‘वर’चा अर्थ नेमका काय घ्यायचा? आणि फ्री हिट ‘ती’ की ‘तो’?

भांडण लावणारा शब्द तुम्ही अचूक पकडलात. मराठीतला ‘वर’ टेकलेल्या वस्तूलाही चालतो आणि अधांतरी वस्तूलाही. डोक्यावर टोपी असते ती टेकलेली, आणि डोक्यावर पंखा फिरतो तो चार हात उंच. बोलताना समोर टोपी आहे की पंखा हे दिसत असतं, म्हणून घोळ होत नाही. नियम कागदावर उतरला की तो आधार जातो. मी काही वर्षं शारजात होतो. शुक्रवारी सकाळी आमच्या चमूत निम्मे कराची-लाहोरचे आणि निम्मे सातारा-सांगलीचे असायचे. उर्दूवाले ‘कमर से ऊपर’ म्हणायचे आणि विषय संपायचा, कारण त्यांच्याकडे ‘पर’ वेगळा आणि ‘ऊपर’ वेगळा. आपल्यालाही ‘कमरेच्या वर’ म्हणता येतं, पण जीभ आखूड वाट धरते आणि ‘कमरेवर’ म्हणते.

आधी रेषेचं घेऊ, कारण त्या ओळीत खोट जास्त आहे. मैदानावर फक्कीने जो जाड पट्टा मारतात तो सगळा म्हणजे क्रीज नव्हे. नियमाच्या भाषेत पॉपिंग क्रीज म्हणजे त्या पट्ट्याची आतली कड, स्टंपांच्या बाजूची. ती स्टंपांच्या रेषेपासून ४ फुटांवर असते. गोलंदाजाचं पुढचं पाऊल टेकतं त्या क्षणी त्याचा काही तरी भाग या कडेच्या मागे हवा, आणि तो भाग जमिनीला लागलेला असलाच पाहिजे असं नाही.

आता दोन चेंडू डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात चवडा पट्ट्याच्या पुढे पडला, तळव्याचा मधला भाग पट्ट्यावर आहे आणि टाच हवेत असली तरी कडेच्या मागे आहे. हा चेंडू चोख. तुमच्या पत्रकाप्रमाणे मात्र पाय ‘रेषेवर’ पडलाय, म्हणून नो. दुसऱ्यात अख्खा बूट पुढे आहे आणि फक्त टाच पट्ट्यावर टेकलीय, मागे काहीच नाही. हा नो बॉल, आणि इथेही पाय ‘रेषेवर’च आहे. म्हणजे एकाच शब्दात एक बरोबर आणि एक चूक निर्णय बसतो. फलंदाजाच्या बाजूचं गणित पोरांनाही पाठ असतं : बॅट नुसती लाईनवर म्हणजे रनआऊट. तेच गणित इथे लावायचं. पट्टा जसा फलंदाजाचा नाही तसाच गोलंदाजाचाही नाही.

गंमत म्हणजे ‘रेषेवर पडल्यास नो’ हे वाक्य मागच्या पायाला बरोबर लागू पडतं. बाजूची जी उभी रेष असते, रिटर्न क्रीज, तिला मागचं पाऊल टेकताना स्पर्शही होता कामा नये. एके काळी नो बॉलचा सगळा निवाडा मागच्याच पायावर व्हायचा. तेव्हा उंच गोलंदाज तो पाय फरफटत पुढे न्यायचे आणि पार पुढून चेंडू सोडायचे. त्याला आळा घालायला १९६०च्या दशकात पुढच्या पायाचा नियम आला.

आणखी एक बारकावा आपल्या ‘पाय’ या शब्दात आहे. मांडीपासून बोटांपर्यंत सगळंच आपल्याला पाय. आमच्याकडे एक सातारकर दर वेळी “गुडघा बघ की, मागं हाय!” म्हणून वाद घालायचा. नियमाला गुडघ्याशी काही देणंघेणं नाही, त्याला पाऊल हवंय. आणि तेही पहिल्यांदा टेकतानाचं. नंतर बूट घसरत पुढे गेला तर तो चालतो.

कमरेच्या ओळीत ‘वर’ आहेच, पण मला जास्त खटकतो तो ‘आल्यास’. कुठे आल्यास? नियम असं विचारतो की टप्पा न पडलेला चेंडू, फलंदाज पॉपिंग क्रीजवर ताठ उभा असता तर, त्याच्या कमरेच्या वरून गेला असता का. कंबर म्हणजे विजारीची वरची कड साधारण जिथे येते ती जागा. म्हणजे फलंदाजाने चेंडू प्रत्यक्षात कुठे गाठला हे गौण. तो वाकला होता की पुढे धावला होता, हेही गौण.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २१ एप्रिल २०२४ला ईडन गार्डन्सवर घडलं. हर्षित राणाचा संथ फुलटॉस, विराट कोहली क्रीज सोडून बराच पुढे आलेला. चेंडू बॅटला लागून उडाला आणि राणानेच झेलला. कोहली ७ चेंडूंत १८ करून बाद झाला आणि भयंकर चिडला. टीव्हीसमोर आपणही चिडलोच असतो, कारण बॅटला लागला तेव्हा चेंडू उंच दिसत होता. पण तो खाली येत होता. क्रीजपाशी पोचेपर्यंत त्याची उंची ०.९२ मीटर राहिली असती असं यंत्राने दाखवलं, आणि ताठ उभ्या कोहलीची कंबर मोजली होती १.०४ मीटर. बारा सेंटिमीटरने चेंडू वैध. बेंगळुरू तो सामना एका धावेने हरलं, त्यामुळे चर्चा आठवडाभर चालली. ‘कमरेवर आला’ हे कोहलीच्या दृष्टीने खरंच होतं. फक्त नियम वेगळ्या जागेबद्दल विचारत होता.

संथ चेंडूला पूर्वी खांद्यापर्यंत सूट असायची. २०१७च्या संहितेपासून वेग कितीही असो, मोजमाप कमरेचंच. जुन्या खेळाडूंच्या डोक्यात अजून खांदा बसलेला असतो, तेव्हा पत्रकात हे स्पष्ट लिहा.

टेप बॉलमध्ये हीच ओळ सर्वांत जास्त का पेटते, तर त्या चेंडूच्या स्वभावामुळे. टेनिसच्या चेंडूवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळली की तो कमी उसळतो आणि हवेत वेगाने जातो. कराचीच्या गल्ल्यांत वाढलेले गोलंदाज म्हणून यॉर्करवर जगतात. हुकलेला यॉर्कर म्हणजे फुलटॉस, आणि हात आणखी थोडा आधी सुटला तर तोच कमरेच्या वर. त्यात लेग अंपायर नसतो. गोलंदाजाच्या टोकाला बॅटिंग करणाऱ्या संघाचाच कोणी तरी उभा. समोरून बघणाऱ्याला चेंडूची दिशा कळते, उंची कळत नाही, कारण तो त्याच्यापासून सरळ दूर जात असतो. आम्ही शेवटी बॅटिंगची वाट बघणाऱ्या एकाला स्क्वेअर लेगला उभं करायला लागलो. निम्मी भांडणं तिथेच मिटली. उरलेली निम्मी तो कोणाचा मेहुणा आहे यावरून व्हायची.

रेषेचाही गल्लीत वेगळा संसार असतो. डांबरी पार्किंगवर आम्ही स्टंपपासून ‘एक बॅट’ मोजून तिथे टेपची पट्टी चिकटवायचो. बॅट नियमाने जास्तीत जास्त ३८ इंच आणि खरी क्रीज ४८ इंचांवर, म्हणजे आमची रेष किमान १० इंच आत. दोन्ही टोकांना तेवढीच आत असल्याने कोणावर अन्याय नव्हता. पण त्याच गड्यांनी नंतर आखलेल्या मैदानावर खेळताना ‘इथे पाय सुटतच नाही’ म्हणून आश्चर्य केलं, त्याचं कारण हे १० इंच. अंपायर घरचाच असल्यामुळे आमच्यात पायाचा नो अख्खं पाऊल उघड बाहेर असेल तरच द्यायचा आणि पहिल्याला ताकीद, असं ठरलं होतं. हा नियमाचा भंग म्हणा हवं तर, पण इंचाइंचाचा निवाडा कॅमेऱ्याविना करायला गेलं की षटक संपत नाही.

तिसरी ओळ, ‘फ्री हिटवर आऊट नाही’. हा ‘वर’ टोपीचाही नाही आणि पंख्याचाही नाही. ‘पहिल्या चेंडूवर चौकार’ म्हणतो तसा, त्या चेंडूच्या वेळी या अर्थाचा. अर्थ निर्विवाद आहे, वाक्य मात्र खोटं आहे. फ्री हिटला धावचीत होता येतं. चेंडू मुद्दाम दोनदा मारला किंवा क्षेत्ररक्षकाला अडवलं तरी बाद. त्रिफळा, झेल, पायचीत, यष्टिचीत, हिट विकेट एवढ्यांपासून अभय आहे.

मेलबर्नच्या २३ ऑक्टोबर २०२२च्या भारत-पाकिस्तान सामन्याचं शेवटचं षटक आठवा. भारताला ३ चेंडूंत १३ हवे होते. नवाझचा फुलटॉस कमरेच्या वर ठरला आणि कोहलीने त्यावर षटकार मारला, म्हणजे ७ धावा. पुढचा चेंडू वाइड. वाइड झाला म्हणून फ्री हिट वाया गेली नाही, ती पुढच्या चेंडूवर सरकली. त्या चेंडूवर कोहलीचा त्रिफळा उडाला आणि चेंडू स्टंपांना लागून थर्ड मॅनकडे गेला. पाकिस्तानचे खेळाडू चेंडू मृत धरा म्हणत राहिले, इकडे कोहली आणि कार्तिकने तीन बाय पळून काढल्या. त्रिफळ्याने जर फलंदाज बादच होत नाही, तर चेंडू मृत व्हायला कारणच उरत नाही. पण त्या पळण्यात एखादा धावचीत झाला असता तर मात्र तो खरोखर बाद होता. तुमच्या पत्रकाप्रमाणे तो नाबाद ठरला असता.

फ्री हिट मूळ संहितेत नाहीच. ती स्पर्धेच्या नियमांत येते, म्हणून कसोटीत दिसत नाही. एकदिवसीय सामन्यांत २००७मध्ये ती फक्त पायाच्या नो बॉलला आली आणि २०१५पासून सगळ्या नो बॉलना. तेव्हा टेप बॉलवाल्यांनी आपलं काय ते स्वतः लिहायला हवं. आम्ही जुनाच बेत ठेवला होता : पायाच्या नो ला फ्री हिट, कमरेच्या नो ला नुसती एक धाव आणि जादा चेंडू. नाही तर यॉर्कर टाकायला कोणी धजत नाही.

लिंगाचं म्हणाल तर ‘नो बॉल पडला’ हा चेंडूच्या ओढीने पुल्लिंगी झाला. फ्री हिट माझ्या कानावर ‘मिळाली’ अशीच येते, विकेट आणि ओव्हरच्या पंगतीतली. ‘फ्री हिटचा चेंडू’ लिहिलंत तर पुल्लिंगी आपोआप येईल.

पत्रकाच्या ओळी मी अशा लिहीन : ‘टेकताना पुढच्या पावलाचा काहीही भाग रेषेच्या आतल्या कडेमागे नसेल तर नो बॉल.’ ‘फलंदाज क्रीजपाशी ताठ उभा आहे असं धरून, टप्पा न पडलेला चेंडू त्याच्या कमरेपेक्षा उंच जाणार असेल तर नो बॉल.’ ‘फ्री हिटला झेल, त्रिफळा, पायचीत, यष्टिचीत, हिट विकेट नाही; धावचीत आहे.’ तिन्ही ओळींत एकही ‘वर’ नाही.