पोस्टरचे रकाने सारखे कापू नकोस

अनेक आशीर्वाद.

पोस्टरचा मसुदा पाहिला. ए-झिरो आडवा कागद तू चार सारख्या रकान्यांत कापला आहेस: सारांश, पद्धत, निष्कर्ष, संदर्भ. दिसायला नीटनेटका आहे, पण मुगाच्या उगवणीवरचं तुझं सगळं काम जिथे आहे, त्या निष्कर्षांना संदर्भसूचीइतकीच जागा मिळाली आहे.

कागद ११८.९ सेंटिमीटर रुंद आहे. दोन्ही कडांना ३ आणि रकान्यांमध्ये २ सेंटिमीटर सोडलेस, तर प्रत्येक रकाना साधारण पावणेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो. मधले दोन जोड, म्हणजे निष्कर्षांना पंचावन्नच्या आसपास मिळतील. डावीकडे सारांश आणि त्याखाली पद्धत. उजवीकडे अर्थ, मर्यादा आणि तळाला संदर्भ.

आता त्या मोठ्या जागेत काय घालायचं? वीस चौकटींचा तक्ता नको. मिठाची चार प्रमाणं आणि पाच दिवस, हे उभ्याने कोणी वाचत नाही. आलेख काढ: आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर उगवणीची टक्केवारी, प्रत्येक प्रमाणाची एक रेषा. रेषेच्या टोकालाच तिचं प्रमाण लिही. बाजूला रंगांची सूची दिलीस की बघणाऱ्याची मान सारखी इकडून तिकडे फिरते. लाल-हिरवी जोडी टाळ, अनेकांना त्यातला फरक दिसत नाही. त्रुटिरेषा प्रमाण विचलनाच्या आहेत की प्रमाण त्रुटीच्या, आणि प्रत्येक गटात किती बिया होत्या, हे आलेखाखालीच सांग. परीक्षक पहिलं तेच विचारतात.

सारांश तू अर्जातला जसाच्या तसा चिकटवला आहेस. आयोजकांनी पूर्ण मागितला नसेल, तर प्रश्न, केलेला प्रयोग आणि मिळालेलं उत्तर एवढी तीन वाक्यं पुरे. पद्धतीचा परिच्छेद मोडून बी भिजवण्यापासून मोजणीपर्यंतची बाणांची आकृती कर. संदर्भ मात्र मजकुरात ज्यांचा उल्लेख आहे तेवढेच. ते बारीक अक्षरात चालतील.

अक्षरांचं माप पडद्यावर ठरवू नकोस, तिथे सगळंच वाचता येतं. मजकूर २८ पॉइंटचा ठेव आणि पोस्टर ए-फोरवर छापून बघ. लांबी-रुंदी चौपटीने घटते, म्हणजे २८ चे ७ पॉइंट होतात. तो कागद ४० सेंटिमीटरवर धरून वाचता आला, तर खरं पोस्टर सुमारे दीड मीटरवरून वाचता येईल. डोळे बारीक करावे लागले, तर अक्षर दामटून बसवण्याऐवजी वाक्यं काप.

छपाईला पीडीएफच दे, फॉन्ट आत बसवून. नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात. आणि फाइलच्या पानाचं माप सुरुवातीलाच ए-झिरो कर. लहान पानावर केलेलं छपाईत ताणलं, की फोटो धूसर होतात.

आलेख झाला की आधी तेवढाच पाठव.

— सर