ब्लॉक ७०%, एफएफआर ०.८३: स्टेंट का नाही टाकला?

प्रश्न: "बाबा ६२ वर्षांचे, वजन ७० किलो. चढ चढताना छातीत दाटतं म्हणून धंतोलीत अँजिओग्राफी केली. रिपोर्टमध्ये मिड एलएडी ६०-७०% आणि एफएफआर ०.८३ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, औषधांवर ठेवू. मामा म्हणतात, ७०% ब्लॉक असून सोडून कसं दिलं? हा आकडा चुकीचा असू शकतो का?"

उत्तर: चुकीचा असू शकतो, पण तो तपासता येतो. एफएफआर म्हणजे ब्लॉकच्या पलीकडचा दाब भागिले महाधमनीतला दाब; तो ०.८० किंवा त्याखाली असेल तर ब्लॉक रक्त अडवतो असे धरतात.

आधी त्या ७०%बद्दल. अँजिओग्राफीत धमनीची फक्त सावली दिसते, आणि टक्के बहुतेक वेळा डोळ्यांनीच ठरवतात. एलएडी ही हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी धमनी. तिचा मधला भाग कॅमेऱ्याच्या एका कोनातून आखूड दिसतो, तर दुसऱ्या कोनातून त्यावर डायगोनल फांदी येते. शिवाय अरुंद जागेच्या पुढे हृदयाचा किती स्नायू त्या रक्तावर जगतो, हे सावलीत कळतच नाही. फेम अभ्यासात ५० ते ७०% वाटलेल्या जागांपैकी फक्त ३५% जागांचा एफएफआर ०.८० किंवा त्याखाली निघाला. ७१ ते ९०% वाटलेल्यांमध्येही पाचातली एक जागा रक्त अडवत नव्हती. म्हणजे बाबांच्या रिपोर्टमधले दोन आकडे एकमेकांशी भांडत नाहीत.

एफएफआर मोजताना सेन्सर असलेली बारीक तार ब्लॉकच्या पलीकडे नेतात. पलीकडचा सरासरी दाब Pd, महाधमनीतला Pa. अ‍ॅडेनोसिन देऊन हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्या पूर्ण सैल करतात आणि तेव्हाचे Pd/Pa घेतात. समजा विश्रांतीत Pa ९८ आणि Pd ९१ होता, म्हणजे ०.९३. औषधानंतर Pa ९२, Pd ७६ झाला; ७६ भागिले ९२ म्हणजे ०.८३. ०.८० किंवा त्याखाली गेला असता तर स्टेंटचा विचार झाला असता.

तुमचा आकडा रेषेच्या जरा वर आहे, म्हणून आकडा खोटा वर नेणाऱ्या चुका तेवढ्या शोधायच्या. अशा मुख्य चुका तीन.

पहिली, अ‍ॅडेनोसिन कमी पडणे. शिरेतून द्यायचे तर मिनिटाला किलोमागे १४० मायक्रोग्रॅम, म्हणजे ७० किलोला मिनिटाला ९.८ मिलिग्रॅम, आणि तेही कोपराच्या किंवा मांडीच्या मोठ्या शिरेतून. मनगटामागच्या बारीक शिरेतून दिले तर परिणाम अपुरा राहू शकतो. चहा-कॉफीतले कॅफिन आणि दम्याची थिओफिलिनची गोळी हे दोन्ही अ‍ॅडेनोसिनला अडवतात. त्या दिवशी सकाळी बाबांनी टपरीवरचा कडक चहा घेतला होता का, हे आठवून पाहा. औषध चालू असताना छाती जड होणे, चेहरा गरम होणे, दम लागणे ही ते लागू पडत असल्याची खूण आहे. अर्थात ती नक्की पुरावा नाही.

दुसरी, गाइड कॅथेटर, म्हणजे ज्यातून तार जाते आणि Pa मोजतात ती नळी, धमनीच्या तोंडात घट्ट बसणे. मग Pa खोटा खाली येतो आणि भागाकार वाढतो. आलेखावर हे दिसते: महाधमनीच्या लाटेच्या उतारावर एक छोटी खाच असते, ती पुसली जाते आणि लाटेचा तळ खोल जातो. उपाय साधा आहे. तार जागेवर ठेवून गाइड किंचित मागे घ्यायचा आणि पुन्हा मोजायचे.

तिसरी, सेन्सरचे सरकणे, म्हणजे ड्रिफ्ट. ही फार महत्त्वाची, कारण ती नंतरही पकडता येते. सुरुवातीला सेन्सर गाइडच्या टोकाशी ठेवून दोन्ही दाब समान करतात. मोजणी संपली की तार ओढत परत तिथेच आणायची. दोन्ही पुन्हा समान यायला हवेत. Pa ९६ आणि Pd ९६ आला तर ०.८३ खरा. पण Pd १०० दिसला तर सेन्सर ४ ने जास्त दाखवत होता. मग खरा Pd ७६ नव्हे, ७२; आणि ७२ भागिले ९२ म्हणजे ०.७८. तोच रुग्ण, तीच धमनी, पण निर्णय उलटा! म्हणून रेषेजवळच्या आकड्यात शेवटी Pd/Pa मध्ये १.०० पासून ०.०२ पेक्षा जास्त फरक निघाला, तर दाब पुन्हा समान करून मोजणी नव्याने करावी.

दवाखान्यातून अँजिओग्राफीच्या सीडीसोबत दाबाच्या आलेखाची प्रत मागा. तार परत आणतानाचा भाग त्यात असायला हवा. तो नीट असेल तर मामांना तोच दाखवा. तो नसेल, तर डॉक्टरांना थेट विचारा: "शेवटी ड्रिफ्ट किती आला होता?" हा प्रश्न त्यांना खटकणार नाही.

आकडा खरा ठरला, तर आज स्टेंट न टाकणे सुरक्षित धोरण आहे. डिफर अभ्यासात ०.७५ किंवा जास्त असलेल्यांना स्टेंटशिवाय ठेवले होते आणि १५ वर्षांनीही त्यांचे त्यामुळे नुकसान झाल्याचे दिसले नाही. मात्र स्टेंट नाही म्हणून गोळ्या सोडू नका: अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाचे औषध, जे लिहून दिले असेल ते रोज. एफएफआर फक्त आजचा प्रवाह मोजतो, चरबीचा थर उद्या फुटेल का ते नाही. बसल्या जागी दुखू लागले, घाम फुटला किंवा २० मिनिटांत दुखणे थांबले नाही, तर तेव्हा हा ०.८३ बाजूला ठेवून लगेच इमर्जन्सीत न्या. तिथे आधी ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्तचाचणी बघतील.