शून्यं ‘भरायची’ की ‘सोडायची’?

*“सर्क्युलर कन्व्होल्यूशनला ‘वर्तुळाकार संवलन’ म्हणावं का? आणि त्याच्या जोडीच्या लिनियरला ‘रेषीय’? झीरो पॅडिंगला मी ‘शून्य भरणे’ लिहिलं, तर सर म्हणाले अर्थ बदलतो. तो कसा? (अभियांत्रिकी, तिसरं वर्ष, सांगली)”*

तुमचे सर बरोबर बोलतायत. पण का, हे शब्दकोशात शोधून सापडणार नाही. आधी आकडे मांडावे लागतील. आणि सांगलीकरांशी बोलतोय म्हटल्यावर उदाहरण नदीचंच घेतो.

कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि तिथून खाली आपल्या आयर्विन पुलाखाली येतं. आज सोडलेलं सगळं पाणी एकदम येत नाही. थोडं आधी पोचतं, बरंचसं मागाहून, उरलेलं रेंगाळत. समजा एक माप पाणी सोडलं की पुलाखाली पहिल्या दिवशी १, दुसऱ्या दिवशी २ आणि तिसऱ्या दिवशी १ घागर येते. आकडे मनचे आहेत, खरी कृष्णा इतकी शहाण्यासारखी वागत नाही. आता वरून चार दिवस अनुक्रमे २, ३, १, ४ मापं सोडली. पुलाखाली रोज किती? प्रत्येक दिवसाचा हिशेब वेगळा लिहायचा, एकेक घर उजवीकडे सरकवायचा आणि उभी बेरीज घ्यायची:

```
पहिल्या दिवसाची २ :  २  ४  २
दुसऱ्या दिवसाची ३ :     ३  ६  ३
तिसऱ्या दिवसाचं १ :        १  २  १
चौथ्या दिवसाची ४ :           ४  ८  ४
बेरीज             :  २  ७  ९  ९  ९  ४
```

हेच कन्व्होल्यूशन. चौथीतल्या मुलीला दाखवाल तर ती म्हणेल, हा तर गुणाकार. खरंच आहे: २३१४ गुणिले १२१ करून बघा, २७९९९४ येतात. इथे हातचा कुठेच येत नाही म्हणून अंक जसेच्या तसे दिसतात, एवढंच.

लक्षात घ्या, पाणी चार दिवस सोडलं पण पुलाखाली ते सहा दिवस येत राहिलं. चौथ्या दिवशी सोडलेल्या पाण्याला उतरायला आणखी दोन दिवस लागतात. शब्दांची सगळी भानगड या दोन दिवसांत आहे.

आकडे हजारोंनी असले की असं सरकवत बसणं परवडत नाही. मग दोन्ही मालिकांचं डिस्क्रीट फूरिए ट्रान्सफॉर्म घ्यायचं, घरागणिक गुणाकार करायचा आणि उलट यायचं. वेगवान पद्धतीमुळे (कूली आणि ट्यूकी यांचा १९६५चा लेख त्यासाठी प्रसिद्ध आहे) हा वळसा सरळ रस्त्यापेक्षा लवकर संपतो. आपल्या उदाहरणात पाणी चार घरांचं, म्हणून १, २, १ च्या शेवटी एक शून्य लावून तेही चार घरांचं केलं आणि हा वळसा घेतला, तर उत्तर येतं ११, ११, ९, ९.

घरं चारच, म्हणून आकडेही चारच. मग पाचव्या-सहाव्या दिवसाच्या ९ आणि ४ घागरी गेल्या कुठे? त्या पहिल्या दोन दिवसांवर जाऊन बसल्या: २ आणि ९ मिळून ११, ७ आणि ४ मिळून ११.

असं का होतं, हे मला वार आणि तारीख यांच्यावरून पटलं. ‘गुरुवारी येतो’ म्हटलं तर कुठल्या गुरुवारी ते कळत नाही, कारण वार सातच आणि आठव्या दिवशी पुन्हा पहिलाच. ट्रान्सफॉर्मला फक्त वार कळतात, तारखा कळत नाहीत. ज्या लहरींनी ते मोजतं त्या सगळ्या N घरांनंतर तंतोतंत पुन्हा तशाच होतात, म्हणून घर क्रमांक ० आणि घर क्रमांक N यांत त्याला फरकच करता येत नाही. चार घरांच्या आठवड्यात पाचवा दिवस म्हणजे परत पहिला वार. यात गणिताची काही चूक नाही. आपण विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं, प्रश्नच आपल्या मनातला नव्हता.

आता शब्दांकडे येऊ. जे घडलं त्यात वर्तुळ कुठेच नाही. वाटोळं काही दिसत नाही, फक्त शेवटानंतर सुरुवात पुन्हा येते. ‘वर्तुळाकार’ आकार सांगतो (वर्तुळाकार टेबल, वर्तुळाकार मैदान), तर ‘चक्र’ फेरा सांगतं: ऋतुचक्र, पिकांची फेरपालट, भिशीचा फेरा. म्हणून मी ‘चक्रीय’ घेईन. कोणी म्हणेल, भूमितीत ‘चक्रीय चौकोन’ आहे, तिथे वर्तुळच असतं की. असू दे, त्या चौकोनाची आणि या बेरजेची एका वाक्यात गाठ पडायची नाही.

‘रेषीय’चं मात्र खरं दुखणं आहे. ‘रेषीय समीकरण’ म्हणताना जो रेषीय आहे, म्हणजे पाणी दुप्पट सोडलं तर पुलाखाली दुप्पट आणि दोन सोडण्यांची बेरीज ती उत्तरांची बेरीज, त्या अर्थाने चक्रीय प्रकारही पुरता रेषीयच आहे. मग ‘रेषीय विरुद्ध चक्रीय’ असं लिहिलं की विद्यार्थ्याला वाटतं चक्रीय म्हणजे अरेषीय. इंग्रजीतही हा घोटाळा आहेच. आपण तो उचलून आणायला हवा असं नाही. मी ‘सरळ’ लिहितो. सरळ, म्हणजे फेरा न घेता पुढे निघून जाणारं. नदीलाही ते शोभतं.

‘संवलन’ शब्द मला आवडतो. वल् म्हणजे वळणं. शाळेच्या भूगोलातला ‘वली पर्वत’ त्याच घरचा. जर्मन लोक याच क्रियेला ‘फाल्टुंग’ म्हणतात, म्हणजे घडी घालणं, कारण सूत्रात एक मालिका उलटी करून दुसरीवर ठेवतात. एकच अडचण: छापताना त्याचं ‘संचलन’ होतं आणि वाचणाऱ्याला २६ जानेवारीचं मैदान दिसतं.

आता तुमचं ‘शून्य भरणे’. मराठीत भरायची ती रिकामी जागा: ‘रिकाम्या जागा भरा’, भरती, भरपाई. म्हणजे काहीतरी असायला हवं होतं, ते नाही, तिथे भर घातली. आकड्यांच्या कामात असा प्रकार वेगळा असतोच. तिसऱ्या दिवसाची नोंद राहून गेली आणि त्या घरात ० लिहिला, तर ते शून्य भरणं. त्याने उत्तर बिघडतं, कारण त्या दिवशी पाणी होतं, फक्त लिहिलेलं नव्हतं. झीरो पॅडिंगमध्ये रिकामं काहीच नसतं. मालिका पूर्ण आहे. तिच्या शेवटी आपण मुद्दाम जास्तीची घरं ठेवतो, की शेपटाला पडायला जागा मिळावी. त्या घरांतली शून्यं खरीच आहेत: पाचव्या-सहाव्या दिवशी वरून पाणी सोडलं नव्हतं.

याला मराठीत शिंप्याचा शब्द तयार आहे: माया. कापड बेतताना शिलाईपलीकडे जादा पट्टी सोडतात ती माया. ‘माया सोडा, पोरगं वाढतंय’ हे गणपती पेठेतल्या दुकानात लहानपणी ऐकलेलं वाक्य. तेव्हा ‘शून्यांची माया सोडणे’. (समास मात्र करू नका. ‘शून्यमाया’ म्हटलं की सासूची आठवण येते.) परीक्षेच्या वहीत हे फार घरगुती वाटत असेल तर ‘शेवटी शून्यं जोडणे’ लिहा. ‘पुढे शून्य’ टाळा. कोणी ते आकड्याच्या आधी घेतं, कोणी नंतर.

माया किती सोडायची? उत्तराला जेवढी घरं लागतात तेवढी घरं होतील इतकी. L घरांची मालिका आणि M घरांची दुसरी, तर N ≥ L + M − 1. आपल्याकडे ४ + ३ − १ = ६. पाचच घरं केली तर शेवटचा ४ तेवढा पहिल्या २ वर चढतो: ६, ७, ९, ९, ९. सहा केली की २, ७, ९, ९, ९, ४. आठ केली तर हेच उत्तर, शेवटी दोन शून्यं. जास्त मायेने उत्तर सुधारत नाही, फक्त बिघडत नाही. आणि दोन्ही मालिका त्याच N पर्यंत न्यायच्या, तेही ट्रान्सफॉर्म घेण्याआधी.

```python
import numpy as np
x = [2, 3, 1, 4]
h = [1, 2, 1]
N = len(x) + len(h) - 1
X = np.fft.fft(x, N)
H = np.fft.fft(h, N)
y = np.fft.ifft(X * H).real
```

`fft` ला तो `N` दिला की माया आपोआप सुटते. ती शेवटीच लागते. पण तो मालिकेपेक्षा लहान दिला तर ते निमूटपणे मालिकेचं शेपूट कापून टाकतं, तक्रारही करत नाही.

माया न सोडण्याची चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती ओळखायची कशी ते सांगतो. एका जुन्या नोकरीत पावसावरून ओढ्याचा प्रवाह काढत होतो. पडताळा म्हणून एकूण पाणी जमवलं, बरोबर आलं. खूश होऊन आलेख छापला. शेजारच्या टेबलावरचे साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अहो, पाऊस मंगळवारी पडला आणि तुमच्या ओढ्याला सोमवारीच पाणी?” एकूण बरोबर येणारच होतं. वरची बेरीज करा: २, ७, ९, ९, ९, ४ चेही ४० आणि ११, ११, ९, ९ चेही ४०. चक्रीय फेऱ्यात थेंबही सांडत नाही, तो फक्त भलत्या दिवशी येतो. त्यामुळे बेरजेने ही चूक कधीच सापडत नाही. पहिली घरं बघावी लागतात. बिघडतात ती पहिली M − 1 घरंच, इथे दोन. मागची ९, ९ दोन्ही उत्तरांत तीच आहेत. लांबलचक मालिका तुकड्यांनी सोडवणारे याचाच फायदा घेतात: तुकडे एकमेकांवर थोडे चढवून घेतात, प्रत्येक तुकड्याची बिघडलेली सुरुवात फेकून देतात आणि उरलेलं जोडत जातात.

आणि काही वेळा चक्रीयच हवं असतं. वाऱ्याच्या दिशांची नोंद घ्या. ३५० अंश आणि १० अंश खरोखर शेजारी आहेत. तिथे माया सोडलीत तर उत्तरेला मधोमध कापल्यासारखं होईल.