शेअर जप्त झाल्यानंतरची थकबाकी

प्रश्न: शेअरच्या रकमेचा शेवटचा हप्ता, म्हणजे कॉल, न भरल्याने माझे शेअर जप्त झाले. कंपनी आता उरलेले पैसे मागू शकते का?

उत्तर: होय. कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या नियमावलीत, वेगळे काही नसेल, तर कंपनी कायदा, २०१३ मधील टेबल ‘एफ’ या नमुना नियमावलीनुसार जप्तीने सभासदत्व संपते, परंतु त्या दिवशी देय असलेली रक्कम पूर्ण वसूल होईपर्यंत जबाबदारी राहते. समजा, १० रुपयांच्या १०० शेअरवर तुम्ही ७०० रुपये भरले आणि ३०० थकले. पुनर्विक्रीत जप्त रकमेपेक्षा, म्हणजे तुम्ही शेअरमागे भरलेल्या ७ रुपयांपेक्षा, अधिक सूट देता येत नसल्याने, पूर्ण भरणा झालेले म्हणून विकलेल्या प्रत्येक शेअरमागे कंपनीला किमान ३ रुपये मिळतातच; म्हणजे कॉलची मूळ थकबाकी तेथेच भागते आणि वाद उरलाच तर व्याजाचा. शेअर ८ रुपयांना विकले गेले, तर सुटीचे २०० वजा जाता जप्तीचे ५०० रुपये भांडवली राखीव निधीत जातात, तुमच्याकडे परत येत नाहीत.