एकच बोर्ड आणि न पुसता येणारे फ्यूज: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात किती पुढे जावे?

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आय.एमएक्स६ प्रोसेसर असलेल्या वँडबोर्डवर व्हेरिफाइड बूट, म्हणजे फक्त आपली सही असलेलाच प्रोग्रॅम चालू होऊ देणारी व्यवस्था, बसवण्याचा प्रकल्प मी घेतला आहे. आमचे मार्गदर्शक सर म्हणतात, "विभागाकडे बोर्ड एकच आहे, फ्यूज जाळू नकोस." पण फ्यूज न जाळता प्रकल्प अर्धवट राहील आणि एम्बेडेड क्षेत्रातल्या मुलाखतीत दाखवण्यासारखे काही उरणार नाही, अशी मला भीती वाटते. मी काय करावे?

उत्तर: सरांचे म्हणणे एका फ्यूजच्या बाबतीत पूर्ण बरोबर आहे, पण सगळ्या फ्यूजना ते सारखे लागू होत नाही. फ्यूज म्हणजे चिपमधला एकदाच बदलता येणारा बिट. तुमच्या प्रकल्पात असे फ्यूज जाळण्याच्या दोन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांची जोखीम अगदी वेगळी आहे. हा फरक नीट समजला, तर काय मागायचे आणि कुठे थांबायचे हे तुम्हाला सरांशी बोलून ठरवता येईल.

पहिली पायरी किल्लीच्या ठशाची. एनएक्सपी कंपनीच्या या प्रोसेसरमध्ये बूट रॉम हा कारखान्यातच कोरलेला प्रोग्रॅम असतो आणि त्यानंतर चालणाऱ्या बूटलोडर या प्रोग्रॅमवरची सही तो तपासतो. सही तपासण्यासाठी लागणारी सार्वजनिक किल्ली बूटलोडरच्या फाइलसोबतच येते, त्यामुळे ती किल्ली खरी कशावरून, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर फ्यूजमध्ये असते. चार मूळ किल्ल्यांचा तक्ता करून त्याचा २५६ बिटांचा हॅश काढला जातो आणि तो ३२ बिटांच्या आठ शब्दांत, बँक ३ मधील शब्द ० ते ७ येथे जाळला जातो. फ्यूजमध्ये किल्ली नसते, फक्त हा ठसा असतो. किल्ल्या चार ठेवण्याचे कारण असे की एखादी फुटली, तर ती दुसरा फ्यूज जाळून रद्द करता यावी. मात्र रद्द करण्याची सोय पहिल्या तीन किल्ल्यांनाच आहे, चौथीला नाही.

दुसरी पायरी चिप 'बंद' करण्याची. बँक ०, शब्द ६ मधला एक बिट जाळला की चिप खुल्या अवस्थेतून बंद अवस्थेत जाते. खुल्या अवस्थेत रॉम सही तपासतो आणि चूक सापडली तर तिची नोंद ठेवतो, पण बोर्ड चालूच होऊ देतो. बंद अवस्थेत सही जुळली नाही, तर तो पुढे जातच नाही. म्हणून ठसा चुकीचा जळला आणि चिप खुली राहिली, तर त्या बोर्डवर व्हेरिफाइड बूट कायमचे गमावले जाते, पण बोर्ड इतर प्रकल्पांना वापरता येतो. चुकीचा ठसा असतानाच चिप बंद केली, तर मात्र तो बोर्ड संपला. यूएसबीवरून प्रोग्रॅम चढवण्याचा राखीव मार्गही बंद चिपवर सही मागतो, त्यामुळे मागच्या दारानेही आत जाता येत नाही.

आता ठसा चुकतो कसा, ते पाहा. चूक बहुतेक वेळा गणितात नसते, बाइटच्या क्रमात असते. सही करण्याची साधने `SRK_1_2_3_4_fuse.bin` ही ३२ बाइटची फाइल देतात. समजा, तिचे पहिले चार बाइट `1A 2B 3C 4D` असे आहेत. फाइल सरळ बाइट-बाइट उघडून पाहणारा विद्यार्थी सहजच पहिला शब्द `0x1A2B3C4D` असा लिहितो. प्रत्यक्षात कमी वजनाचा बाइट आधी येतो, त्यामुळे बरोबर शब्द `0x4D3C2B1A` हा आहे. म्हणून फाइल चार-चार बाइटच्या शब्दांत वाचणारी आज्ञाच वापरावी:

```
hexdump -e '/4 "0x"' -e '/4 "%X""\n"' SRK_1_2_3_4_fuse.bin
```

ही आज्ञा नेहमीच्या इंटेल किंवा एआरएम संगणकावर आठ शब्द योग्य क्रमाने देते. यू-बूट या बूटलोडरच्या प्रॉम्प्टवर मग `fuse prog 3 0 0x4D3C2B1A` अशी एकेका शब्दासाठी आज्ञा द्यायची असते.

उलटा शब्द जळला आणि चूक लगेच लक्षात आली, तरी वरून बरोबर शब्द जाळून ती दुरुस्त होत नाही. फ्यूजचा बिट ० वरून १ होतो, १ वरून ० कधीच होत नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा जाळल्यावर दोन्ही शब्दांतले १ एकत्र होतात आणि वरच्या उदाहरणात तिथे `0x5F3F3F5F` उरते, जे पहिल्या शब्दाशीही जुळत नाही आणि दुसऱ्याशीही नाही. म्हणजे घाईत केलेली दुरुस्ती नुकसानीत भर टाकते, हे ही आज्ञा देण्यापूर्वीच माहीत हवे. यू-बूट प्रत्येक वेळी इशारा देऊन `y` मागतो. तो इशारा टाळण्यासाठी `-y` जोडून आठही आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये घालण्याचा मोह होतो, तो निदान पहिल्या बोर्डवर तरी आवरावा. एक शब्द जाळायचा, `fuse sense 3 0` ने तो परत वाचायचा, छापील कागदावरील शब्दाशी दोघांनी मिळून ताडून पाहायचा आणि मगच पुढचा घ्यायचा. `fuse read` ही आज्ञा फ्यूजची नोंदवहीतली प्रत दाखवते, तर `fuse sense` प्रत्यक्ष फ्यूज वाचते. इथे दुसरीच हवी.

आठही शब्द जुळले, की सही केलेला बूटलोडर घालून बोर्ड पुन्हा चालू करावा आणि रॉमने सही तपासताना केलेल्या नोंदी दाखवणारी `hab_status` ही आज्ञा द्यावी. खुल्या चिपवर अपेक्षित उत्तर असे असते:

```
Secure boot disabled

HAB Configuration: 0xf0, HAB State: 0x66
No HAB Events Found!
```

शेवटची ओळ पाहून बहुतेक जण थांबतात, आणि माझ्या मते प्रकल्पाचा कस इथूनच पुढे लागतो. तपासणी पास झाली, एवढेच या ओळीतून कळते. चुकीची फाइल आली असती तर ती पकडली गेली असती का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सही केलेल्या फाइलची एक प्रत घेऊन ती मुद्दाम बिघडवा. कुठलाही बाइट बदलला तर प्रोग्रॅमच कोसळेल आणि तुम्हाला काही दिसणार नाही, म्हणून सुरुवातीला पडद्यावर उमटणाऱ्या `U-Boot SPL` या मजकुरातले एक अक्षर हेक्स एडिटरने बदला, समजा `B` च्या जागी `X`. चिप खुली असल्यामुळे बोर्ड चालू होईल, पडद्यावर `U-Xoot SPL` उमटेल आणि `hab_status` मध्ये आता सही न जुळल्याची नोंद दिसली पाहिजे. ती दिसली नाही, तर सही फाइलच्या त्या भागाला व्यापतच नाही असे समजावे. सहीच्या वर्णनफाइलमध्ये सुरुवातीचा पत्ता किंवा लांबी चुकली असेल, तर नेमके हेच होते.

वँडबोर्डवर ही चाचणी दोनदा करावी लागते, कारण बूटलोडर दोन तुकड्यांत येतो. रॉम फक्त पहिला तुकडा, म्हणजे एसपीएल, तपासतो. `u-boot.img` तपासण्याची जबाबदारी एसपीएलची असते आणि यू-बूट बांधताना तो पर्याय चालू नसेल, तर दुसरा तुकडा कोणीही बदलू शकतो. यू-बूटने पुढे कर्नलची सही पाहिली पाहिजे आणि सिरियल प्रॉम्प्ट उघडा ठेवता कामा नये, हेही याच साखळीत येते. प्रॉम्प्टवर कोणालाही हवी ती आज्ञा देता येत असेल, तर आधीच्या सगळ्या सह्या निरुपयोगी ठरतात.

इथपर्यंतचे सर्व काम खुल्या चिपवर होते. म्हणून माझा सल्ला असा की, ठसा जाळण्याची परवानगी सरांकडे मागा, पण त्याआधी आठ शब्द कसे काढले आणि कसे ताडून पाहणार, हे त्यांना कागदावर दाखवा. ठसा चुकला तरी बोर्ड इतर कामांना चालू राहतो, आणि ठसा बरोबर जळला तरी चिप खुली असल्याने पुढच्या विद्यार्थ्यांना सही नसलेले प्रोग्रॅम चालवता येतात, हे दोन्ही मुद्दे त्यांच्यासमोर ठेवा. त्यातली एक मर्यादा मात्र लपवू नका: ज्या किल्ल्यांचा ठसा जळेल, त्यांच्याशिवाय दुसऱ्या किल्ल्यांनी त्या बोर्डवर व्हेरिफाइड बूट पुन्हा कोणालाच करता येणार नाही.

चिप बंद करणारी `fuse prog 0 6 0x2` ही आज्ञा विभागाच्या एकुलत्या एका बोर्डवर देऊ नका. ती करून दाखवायचीच असेल, तर त्याच प्रोसेसरचा दुसरा, गमावला तरी चालेल असा बोर्ड मिळवा, त्यावर वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा आणि यूएसबीच्या राखीव मार्गाने चढणारी सही केलेली फाइलही बंद करण्यापूर्वीच चालवून पाहा. त्या मार्गासाठी सही थोडी वेगळ्या पद्धतीने करावी लागू शकते आणि ते बंद केल्यानंतर कळले, तर उपयोग नसतो. याच शब्दात शेजारी `0x10` हा बिट आहे. तो जळला, तर बूट कुठून करायचे ते बोर्डवरच्या जोडण्यांऐवजी फ्यूज ठरवतात. म्हणून ही एक ओळ टंकलिखित करतानाही दुसऱ्या माणसाला वाचायला लावावी.

मुलाखतीबद्दल. चिप बंद केली की नाही, यापेक्षा बिघडवलेली फाइल पकडली गेल्याचा पुरावा जाणकार मुलाखतकाराला अधिक बोलका वाटतो. चांगली आणि बिघडवलेली फाइल यांची `hab_status` ची उत्तरे शेजारी-शेजारी अहवालात लावा. त्यासोबत या यंत्रणेची उणीवही माहीत असू द्या. २०१७ मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी आय.एमएक्स कुटुंबातल्या अनेक चिपच्या बूट रॉममध्ये दोन दोष उघड केले, त्यांपैकी `CVE-2017-7932` हा प्रमाणपत्र वाचतानाचा दोष होता. खास रचलेले प्रमाणपत्र देऊन सही नसलेला प्रोग्रॅम बंद चिपवरही चालवता येत होता. रॉम बदलता येत नसल्यामुळे विकल्या गेलेल्या चिपवर त्याला सॉफ्टवेअरची दुरुस्ती नाही. तुमच्या बोर्डवरची चिप कोणत्या आवृत्तीची आहे आणि तिला हा दोष लागू होतो का, हे एनएक्सपीच्या दोषपत्रकावरून पाहून अहवालात लिहा.

शेवटी, खासगी किल्ल्या आणि त्यांचा पासवर्ड तुमच्या लॅपटॉपवरच राहू देऊ नका. ठसा जाळण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या दोन प्रती करून सरांच्या ताब्यात द्या, त्या प्रतींमधून एकदा सही करून पाहा आणि त्यांची जागा प्रकल्पाच्या वहीत लिहून त्याखाली दोघांच्या सह्या घ्या.