रजेच्या अर्जात नमस्कार कुठे करायचा?

«आई, मराठीच्या बाई म्हणाल्या की रजेच्या अर्जात ‘स.न.वि.वि.’ लिहायचं नाही. मग मोठ्या बाईंना नमस्कार करायचाच नाही का? आणि शेवटी मी ‘आज्ञाधारक’च का? बाबा तर त्यांच्या अर्जात ‘विश्वासू’ लिहितात.»

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाईंचं बरोबर आहे. सप्रेम नमस्कार विनंती विशेष हे ओळखीच्या माणसाला लिहायचं. एखाद्या संस्थेच्या निमंत्रणपत्रातही ते दिसेल, कारण तिथे थोडा जिव्हाळा चालतो. अर्ज मात्र माणसाला नसतो, पदाला असतो. म्हणून वर मोठ्या बाईंचं नावही लिहायची गरज नाही. ‘प्रति, मा. मुख्याध्यापिका’, खाली शाळेचं नाव-पत्ता, मग विषय आणि मग नुसतं ‘महोदया,’ इतकं पुरे. नमस्काराचं काम ‘मा.’ आणि ‘महोदया’ हे दोघं मिळून करतात.

तुझा कच्चा मसुदा वाचला. त्यात ‘ताईचं लग्न आहे म्हणून तुम्ही मला तीन दिवस सुट्टी द्या’ असं आहे. खरी अडचण मायन्यात नाही, या वाक्यात आहे. ‘द्या’ म्हटलं की मागणी झाली, आणि समोर ‘तुम्ही’ बसले की घरातली बोलणी झाली. अर्जात ‘आपण’ येतं आणि क्रियापद ‘-वी’वर संपतं: मिळावी, करावी, व्हावी. हे असं लिही:

विषय: तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.

महोदया,
मी आपल्या शाळेत इयत्ता नववी ‘ब’मध्ये शिकत आहे. माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न नाशिक येथे असल्याने मी दि. ११ ते १३ डिसेंबर या काळात शाळेत उपस्थित राहू शकणार नाही. तरी या तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती. बुडालेला अभ्यास मी पूर्ण करीन.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,

आणि खाली सही, नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. सहीखाली स्वतःच्या नावामागे ‘कु.’ लावू नकोस. मान दुसऱ्याने द्यायचा असतो, आपणच आपल्याला चिकटवायचा नसतो.

अर्ज पाहिलास तर लक्षात येईल की विनंती एकदाच आहे. ‘कृपया’, ‘सविनय’, ‘नम्र’, ‘कृपा करून’ हे सगळं एका वाक्यात कोंबलं की अर्ज गयावया केल्यासारखा वाटतो. ‘लोभ असावा’ तर चुकूनही नको, तो आजीच्या पत्रातला. नुसतं ‘कळावे’ चालेल, पण नसलं तरी काही बिघडत नाही.

वर-खाली बघताना एक गोष्ट सांभाळ. ‘महोदया’ हे वाचणाऱ्याकडे बघून ठरतं, ‘आपली’ हे लिहिणाऱ्याकडे बघून. तुझ्या वर्गातल्या मुलाने मोठ्या बाईंना लिहिलं तर वर ‘महोदया’ आणि खाली ‘आपला’. मुलं इथे हमखास घोटाळा करतात.

आता ‘आज्ञाधारक’. हा विद्यार्थ्याच्या नात्याचा शेवट आहे. हाच अर्ज तुझ्यासाठी बाबांनी लिहिला तर ते ‘माझी मुलगी कु. सायली’ म्हणतील आणि शेवटी ‘आपला नम्र’ लिहितील, कारण पालक शाळेच्या आज्ञेत नसतो. कार्यालयात बाबा साहेबांच्या हाताखाली आहेत, पण शिष्य नाहीत, म्हणून तिथे ‘आपला विश्वासू’.

त्यांच्या अर्जाची भाषा आणखी ताठ असते. जुन्या वळणाचे कारकून अजून वर ‘यांचे सेवेशी सविनय सादर’ लिहितात आणि विषयात ‘रजा मिळणेबाबत’. तू ‘मिळण्याबाबत’च लिही, प्रमाण मराठीत तेच बसतं. बाबा ‘नैमित्तिक रजा मंजूर करण्यात यावी’ असं लिहितात, आणि गावाला जायचं असेल तर ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी’ हे जोडतात. त्या ‘यावी’ला कारण आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही. ती मंजूर करायची की नाही हे वरिष्ठ ठरवतात. म्हणून ‘मी रजा घेत आहे’ असं लिहिलेला अर्ज कितीही गोड शब्दांत असला तरी साहेबांच्या कपाळाला आठी पडतेच.

लग्नाच्या आदल्या दिवशी अर्ज नेऊन ठेवू नकोस. आधी वर्गशिक्षिकांना दाखव, मग कार्यालयात दे. बाबांची सही बहुधा लागेल, ती आजच घेऊन ठेव.

तुझी,
आई